कौतुक जानेवारीपासून सुरू करा

*सांगली-कोल्हापूर भागात साबण आणि धुण्याची पावडर विकणाऱ्या कंपनीत मी एरिया सेल्स मॅनेजर आहे. जानेवारी ते मार्चचं टार्गेट २ कोटी ४० लाख होतं, आम्ही २ कोटी ६१ लाख केले. सहा सेल्समन, चार डिस्ट्रिब्यूटर आणि ऑफिसात एक कोऑर्डिनेटर. तिला सगळे ताई म्हणतात. दुकानांची यादी साफ करणं, डिस्ट्रिब्यूटरचे स्कीमच्या आणि खराब मालाच्या पैशांचे अडकलेले क्लेम सोडवणं ही कामं तिने डिसेंबर-जानेवारीत रात्री उशिरापर्यंत बसून केली. मागच्या वेळी मी भाषणाच्या शेवटी 'आणि ऑफिस स्टाफचेही आभार' एवढंच म्हणालो, तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. यंदा तिचं नाव नीट घ्यायचंय. पण पोरं आत्ताच म्हणतायत, 'उन्हात आम्ही फिरलो.' १० एप्रिलच्या मीटिंगला रीजनल मॅनेजर येतायत. त्यांच्यासमोर काय आणि कसं बोलू? आकड्यांचा आणि तिच्या कामाच्या नोंदींचा तक्ता सोबत जोडलाय.*

*– एक एरिया सेल्स मॅनेजर, सांगली*

भाषण ३१ मार्चच्या आकड्यावर थांबवू नका. आकडा एका वाक्यात सांगा आणि लगेच डिसेंबरअखेरीला जा. तिथून तारखेच्या क्रमाने पुढे या. निकालापासून मागे सांगत गेलं, की आधी सगळ्यात मोठं बिलिंग करणारा येतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि ज्याच्या नावावर बिलिंगच नाही तो माणूस शेवटी उरतो. मागच्या वेळी तेच झालं. तारखेने सांगितलं की ताईंचं काम आपोआप आधी येतं, कारण ते खरोखरच आधी झालं होतं. त्यात त्यांना वर बसवल्यासारखं काही होत नाही आणि पोरांना खाली ढकलल्यासारखंही वाटत नाही.

पण बोलण्याआधी आकडा स्वतः तपासून घ्या. मार्च एंडला प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून डिस्ट्रिब्यूटरला जाणारा माल, ठोकून टार्गेट गाठलेलं असेल, तर कौतुकानंतर महिन्याभरात माल परत यायला लागतो आणि मग कुणाचंच कौतुक टिकत नाही. तुमच्या तक्त्यात चारही डिस्ट्रिब्यूटरकडे मिळून १ जानेवारीला ३४ लाखांचा माल होता. त्यात प्रायमरी २६१ लाखांची गेली आणि बाजारात सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरकडून दुकानांना विक्री, २५४ लाखांची झाली, दोन्ही डिस्ट्रिब्यूटरच्या खरेदी दराने. म्हणजे ३१ मार्चला शिल्लक ४१ लाख. नव्वद दिवसांत २५४ लाख म्हणजे रोज साधारण २ लाख ८२ हजार, त्या हिशेबाने शिल्लक माल साडेचौदा दिवसांचा झाला. तिमाहीच्या सुरुवातीला तो बारा दिवसांचा होता. अडीच दिवसांची वाढ चिंता करण्यासारखी नाही, माल खरोखर दुकानांत गेलेला आहे. हाच आकडा वीस-पंचवीस दिवसांवर गेला असता किंवा मार्चचं निम्मं बिलिंग शेवटच्या पाच दिवसांत झालं असतं, तर कार्यक्रम लांबणीवर टाका असंच सांगावं लागलं असतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रद्द झालेली बिलं आणि परत आलेला माल वजा करून शेवटचा आकडा हाताशी ठेवा. मीटिंग १० तारखेला आहे, तेवढा वेळ मिळतो.

आता ताईंच्या कामाचं मोजमाप. 'त्यांनी खूप कष्ट घेतले' या वाक्यावर टाळ्या पडतात, पण त्या कष्टाचं नेमकं काय झालं हे कुणालाच कळत नाही. पोरांना ते वाक्य सहानुभूतीचं वाटतं आणि रीजनल मॅनेजर ते विसरून जातात. कामाचं नाव, त्याची तारीख आणि त्यामुळे बदललेली एक गोष्ट, एवढं तिन्ही एका दमात सांगता आलं पाहिजे.

यादीचं काम घ्या. डिसेंबरमध्ये तुमच्या ३६ बीटवर, म्हणजे सेल्समनच्या एकेका दिवसाच्या फेऱ्यांवर, १,३८० दुकानं होती, म्हणजे एका बीटवर सरासरी ३८. ताईंनी ती यादी दुकानाच्या नावाने न लावता मोबाइल नंबरने लावली. हे महत्त्वाचं आहे, कारण 'श्री गणेश किराणा' तीन सेल्समननी तीन तऱ्हेने लिहिलेलं असतं, नंबर मात्र बदलत नाही. दोनदा आलेली ७४ नावं त्यातून सापडली. तीन महिन्यांत एकही बिल नसलेल्या दुकानांना फोन लावून बंद झालेली किंवा जागा सोडून गेलेली ११८ निघाली. अशी १९२ नावं यादीतून गेली. मग डिस्ट्रिब्यूटरच्या गोडाऊनवरून थेट माल नेणाऱ्यांची काउंटर बिलं तपासून, आपल्या कुठल्याच बीटवर नसलेली ९६ दुकानं त्यांनी शोधून काढली. यादी १,२८४ वर आली आणि बीट ३६ दुकानांचं झालं.

याचा परिणाम सांगताना एका ठिकाणी सावध राहा. तक्त्यात तुम्ही लिहिलंय की पूर्वी ३८ दुकानांत १९ बिलं निघायची, म्हणजे ५० टक्के, आणि फेब्रुवारीपासून ३६ मध्ये २२ निघतात, म्हणजे ६१ टक्के. ही अकरा टक्क्यांची उडी भाषणात सांगू नका. बीटवरची पाच मेलेली नावं नुसती काढली असती आणि बिलं १९ च राहिली असती, तरी टक्केवारी ५८ वर गेली असती. छेद लहान केला की टक्का फुगतो, आणि तुमच्या सेल्समनपैकी एकाच्या तरी हे लक्षात येईल. तो चहाच्या वेळी ते बोलेल आणि ताईंच्या खऱ्या कामावरही शंकेचं सावट येईल. खरी वाढ आहे ती रोजच्या तीन बिलांची. तेवढीच सांगा, ती भक्कम आहे.

ती तीन बिलं कुठून आली, हेही नीट समजून घ्या. सेल्समन बंद दुकानासमोर जाऊन वेळ घालवत नव्हता. त्याला ते बंद असल्याचं माहीत होतं, तो मोबाइलमध्ये 'बंद' दाबून पुढे जायचा. नुकसान वेगळंच होत होतं. बीट ३८ दुकानांनी भरलेलं दिसत असल्यामुळे नवं दुकान जोडायला जागाच नव्हती, कुणी सुचवलं तरी बीट पूर्ण आहे असं उत्तर मिळायचं. पाच नावं गेली, तीन जिवंत दुकानं आली, आणि ही नवी दुकानं आधीपासून आपलाच माल गोडाऊनवरून नेत असल्यामुळे पहिल्या फेरीपासून बिलं द्यायला लागली. रोज तीन बिलं, सहा जण, फेब्रुवारी-मार्चचे कामाचे साधारण ४८ दिवस, म्हणजे ८६४ बिलं. अशा छोट्या दुकानाचं बिल ९०० रुपयांच्या आसपास धरलं तर ही रक्कम पावणेआठ लाखांच्या घरात जाते. त्यातला काही माल ही दुकानं पूर्वीही काउंटरवरून नेत होती, तेव्हा सगळाच्या सगळा नवा नाही. म्हणून भाषणात बिलांची संख्या सांगा, रुपयांचा दावा करू नका.

क्लेमचंही तसंच. ऑक्टोबर ते डिसेंबरचे ५ लाख ६० हजारांचे क्लेम अडकले होते. कुठे स्कीमच्या सर्क्युलरचा नंबर लिहिलेला नव्हता, कुठे बिल स्कीम संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं होतं, कुठे खराब मालाच्या यादीवर सेल्समनची सही नव्हती. ताईंनी एकेक कागद जुळवला. २५ जानेवारीपर्यंत ४ लाख ९० हजारांच्या क्रेडिट नोट निघाल्या, ७० हजारांचे क्लेम नियमात बसत नसल्यामुळे गेले. डिस्ट्रिब्यूटरचा पैसा माल आणि बाजारातली उधारी मिळून साधारण वीस-बावीस दिवसांत एकदा फिरतो असं धरलं, तर २५ जानेवारी ते ३१ मार्च या ६५ दिवसांत तो तीनदा फिरला. म्हणजे १४ लाख ७० हजारांपर्यंतचा माल उचलायची ताकद परत आली. 'पर्यंतचा' हा शब्द सोडू नका. ताकद आली म्हणजे तेवढा माल उचललाच असं होत नाही, आणि उचलला तरी तो विकायला सेल्समन लागतोच. याउलट इचलकरंजीच्या डिस्ट्रिब्यूटरने डिसेंबरमध्ये मालाची गाडी थांबवली होती आणि क्रेडिट नोट मिळाल्यावर सुरू केली, ही गोष्ट सगळ्या टीमला माहीत आहे. भाषणात तीच वापरा. हिशेब रीजनल मॅनेजरच्या मेलसाठी ठेवा.

आता एक खड्डा, ज्यात चांगल्या मनाचे मॅनेजर हमखास पडतात. ताईंनी केलेली सफाई सांगायला गेलात की घाण कुणी केली हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ७४ दुकानं दोनदा कुणी नोंदवली? बंद दुकानं वर्षभर यादीत का राहिली? 'बोगस दुकानं काढली' असं तुमच्या तोंडून गेलं, तर रीजनल मॅनेजरसमोर तुम्ही सहाही जणांवर खोट्या नोंदींचा आरोप केलात, आणि त्याचा राग निघणार ताईंवर. दुसऱ्या दिवसापासून कुणी त्यांना फोनवर माहिती देणार नाही. तेव्हा 'जुनी, बंद झालेली आणि दोनदा आलेली' एवढेच शब्द वापरा. दुकानं बंद होतात, मालक बदलतात, यादी जुनी होते, हे खरंच आहे. नोंदींबद्दल खरोखर काही बोलायचं असेल, तर त्या सेल्समनशी एकट्याने आणि दुसऱ्या दिवशी बोला. क्लेमच्या बाबतीतही 'अकाउंट्सने अडकवून ठेवलेले' असं म्हणू नका, 'कागद अपुरे असल्यामुळे राहिलेले' असं म्हणा. मे महिन्यात मार्चचे क्लेम घेऊन ताईंना त्याच अकाउंट्सच्या दारात जायचंय.

मीटिंगच्या तीन-चार दिवस आधी ताईंना बाजूला घेऊन बसा. सगळ्यांसमोर अचानक नाव घेऊन आनंद देऊ, असा विचार मनात असेल तर सोडा. मान खाली घालून बसणाऱ्या माणसाला अचानक उभं केलं की तो आणखी अवघडतो. सरळ सांगा, 'ताई, १० तारखेला मी यादीचं आणि क्लेमचं काम सगळ्यांसमोर सांगणार आहे. मी असं सांगणार आहे, ऐका. यात काही चुकतंय का?' आणि मग लिहिलेलं वाचून दाखवा. त्या दोन गोष्टी हमखास करतील. एक म्हणजे एखादा आकडा दुरुस्त करतील. दुसरी अधिक मोलाची आहे. त्या आणखी कुणाचं तरी नाव घेतील. काउंटर बिलं काढून द्यायला डिस्ट्रिब्यूटरकडचा बिलिंगवाला मुलगा लागलाच असणार, तो त्यांच्यासाठी रात्री थांबला असेल. पायाभूत काम करणाऱ्याच्या मागेही बहुतेक वेळा असा एक जण असतो. त्याचं नाव भाषणात आलं, की आपल्या कामाची खरी माहिती साहेबांना आहे हे ताईंना कळेल. त्यांना स्वतः बोलायचंय का, हेही तेव्हाच विचारा. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, आणि मीटिंगमध्ये कुणी 'ताई, दोन शब्द!' म्हणून ओरडलं तर तुम्हीच विषय पुढे न्या.

पोरांचं म्हणणं खरं आहे, ते खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात रोज ३६ दुकानं केली ती त्यांनीच. अडचण एवढीच की त्यांचंही कौतुक बहुतेक वेळा मोघमच होतं, 'सगळ्यांनी जीव तोडून काम केलं' वगैरे. ताईंबद्दल तुम्ही आकडे आणि तारखा सांगितल्यात आणि त्यांच्याबद्दल एक गोड वाक्य, तर त्यांना डावललं गेल्यासारखं वाटणारच. म्हणून सहाही जणांसाठी एकेक नेमकी गोष्ट लिहून काढा. कुणी नव्या ९६ पैकी सर्वांत जास्त दुकानं चालू केली, कुणी जुनी उधारी वसूल करून डिस्ट्रिब्यूटरचा विश्वास परत आणला, कुणी जतच्या लांबच्या बीटचा एकही दिवस चुकवला नाही. प्रत्येकाला वीस सेकंद पुरतात. सहावा आठवत नसेल तर तो कौतुकाला अपात्र आहे असं समजू नका, त्याच्याबरोबर तुम्ही बीटवर गेला नाहीत एवढाच त्याचा अर्थ. १० तारखेच्या आत एक दिवस जाऊन या. तुमच्या तक्त्यात टार्गेटच्या १२८ टक्के केलेला जो सेल्समन आहे, त्याचं नाव या सहांमध्येच घ्या, त्याचा आणि ताईंचा एका वाक्यात उल्लेख करू नका. एका वाक्यात दोन नावं आली की लोक तुलना करतात.

बोलणं असं असू शकतं. तुमच्या बोलीत बदलून घ्या, पण क्रम हाच ठेवा.

'मंडळी, मार्च क्लोजिंग आपण २ कोटी ६१ लाखांवर केलं, टार्गेटच्या २१ लाख पुढे. माल दुकानांत गेलाय, गोडाऊनला पडलेला नाही, हे मी तपासलंय. हे कसं झालं ते तारखेने सांगतो. डिसेंबरअखेर आपल्या यादीत १,३८० दुकानं होती, त्यातली बरीच जुनी, बंद झालेली किंवा दोनदा आलेली. ताईंनी ती मोबाइल नंबरवरून तपासली, १९२ काढली, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बिलिंगवाल्या मुलाला बरोबर घेऊन काउंटर बिलांतून ९६ नवी शोधली. त्याच काळात कागद अपुरे असल्यामुळे राहिलेले ४ लाख ९० हजारांचे क्लेम त्यांनी २५ जानेवारीपर्यंत सोडवले, आणि इचलकरंजीची गाडी पुन्हा निघाली. १ फेब्रुवारीला तुमच्या हातात जी यादी आली, ती ही. यादीने बिल निघत नाही. ते दुकानदारासमोर उभं राहून काढावं लागतं, आणि ते तुम्ही काढलंत. रोजची १९ बिलं तुम्ही २२ वर नेलीत. आता एकेकाचं सांगतो.'

इथून पुढे सहा नावं आणि सहा गोष्टी. शेवट एखाद्या सेल्समनच्या गोष्टीवरच होऊ द्या. पुन्हा ताईंकडे वळून 'आणि हे सगळं ज्यांच्यामुळे' असं म्हणाल, तर आधी केलेला सगळा तोल बिघडेल. 'पडद्यामागचे कलाकार', 'आमच्या घरच्या लक्ष्मी' असले शब्द तर बोलण्यात कुठेच नकोत. पहिल्यात त्यांना पुन्हा पडद्यामागेच ठेवलं जातं आणि दुसऱ्यात त्यांचं काम बाजूला राहून बाई असणं पुढे येतं.

रीजनल मॅनेजरना एक दिवस आधी फोन करा. नाहीतर ते आल्या आल्या 'वेल डन सेल्स टीम' म्हणून सुरुवात करतील, पहिल्या नंबरच्या सेल्समनशी हात मिळवतील, आणि तुमचं भाषण त्यावरची दुरुस्ती वाटेल. त्यांना एवढंच सांगा, 'सर, यंदा यादीचं आणि क्लेमचं काम आधी सांगणार आहे, तुम्ही त्यानंतर बोला.' मीटिंग दुपारच्या जेवणाला धरून ठेवा. रात्री हायवेवरच्या ढाब्यावर नऊ वाजता कौतुक करायचं ठरवलंत, तर ताई आठलाच घरी निघालेल्या असतील, आणि त्यांचं कौतुक त्यांच्या गैरहजेरीत होईल.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा मेसेज टाकू नका. मीटिंगच्या दिवशी संध्याकाळी तीन-चार ओळी पुरे: 'जाने-मार्च २ कोटी ६१ लाख, टार्गेट २ कोटी ४०. यादी आणि क्लेमचं काम: ताई. रोजची बिलं १९ वरून २२: तुम्ही सहा जण. सगळ्यांचं अभिनंदन.' खाली प्रत्येकाचं नाव लिहा. यासाठी डिस्ट्रिब्यूटर असलेला ग्रुप निवडू नका, क्लेमचा विषय एकाचा दुसऱ्याला कळायला नको.

भाषण आणि मेसेजपेक्षा ताईंच्या जास्त उपयोगाचा आहे तो मेल. तुमच्याकडे अप्रेझलचे फॉर्म एप्रिलमध्येच भरले जात असतील, तर तो मीटिंगची वाट न बघता आधी जायला हवा. सेल्समनचं काम सिस्टिममध्ये त्याच्या कोडखाली आपोआप नोंदलं जातं. कोऑर्डिनेटरचं काम कुठेच नोंदलं जात नाही, तुम्ही लिहाल तेवढंच राहतं. मेल रीजनल मॅनेजर आणि एचआरला पाठवा, ताईंना कॉपीत ठेवा. विषयातच त्यांचं पूर्ण नाव आणि काम येऊ द्या, म्हणजे वर्षभराने शोधलं तरी सापडेल. आत असं काही:

'डिसेंबर-जानेवारीत यांनी १,३८० दुकानांची यादी तपासून १९२ नोंदी काढल्या आणि ९६ नव्या जोडल्या. ५.६० लाखांच्या प्रलंबित क्लेमपैकी ४.९० लाखांचे क्लेम २५ जानेवारीपर्यंत मंजूर करून घेतले. त्यानंतर इचलकरंजीची थांबलेली खरेदी सुरू झाली आणि डिस्ट्रिब्यूटरची तिमाहीत अंदाजे १४.७० लाखांपर्यंतचा माल उचलण्याची क्षमता परत आली. प्रत्येक सेल्समनची रोजची बिलं सरासरी १९ वरून २२ झाली, त्यात नव्या यादीचा आणि सेल्समनच्या कामाचा, दोन्हींचा वाटा आहे. हे काम त्यांच्या नेमून दिलेल्या जबाबदारीच्या पलीकडचं होतं. अप्रेझलमध्ये याची नोंद व्हावी ही विनंती.'

शेवटून तिसरं वाक्य गाळू नका. वाटा दोघांचा आहे असं तुम्ही स्वतःच लिहिलंत की बाकीच्या आकड्यांवर वाचणारा विश्वास ठेवतो.

पैशाचा विषय टाळता येणार नाही. पोरांना १०८ टक्क्यांच्या स्लॅबचा इन्सेंटिव्ह मिळेल आणि ताईंना ठरलेला पगार. हे सगळ्यांना माहीत असतं आणि टाळ्या वाजवताना प्रत्येकाच्या मनात असतं. इन्सेंटिव्हमधून वर्गणी काढून त्यांना भेट द्यायची कल्पना कुणी मांडली तर थांबवा. देणाऱ्याला ती सक्ती वाटते आणि घेणाऱ्याला उपकार. कंपनीत स्पॉट अवॉर्डसारखं काही असेल तर त्याची शिफारस १० तारखेच्या आत करा, मंजुरी हातात असेल तरच रक्कम जाहीर करा. 'बघतो, काहीतरी करू' हे वाक्य सगळ्यांसमोर बोललात आणि पुढे काही झालं नाही, तर मागच्या वेळच्या 'ऑफिस स्टाफचेही आभार'पेक्षा ते जास्त लागेल. तुमच्या स्वतःच्या हातात आहे ती सुट्टी. रात्री बसून काढलेल्या तासांच्या बदल्यात दोन-तीन दिवस द्या, पण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात नको. मार्चचे क्लेम तेव्हाच तयार होतात, आणि सुट्टीवरून परत आल्यावर टेबलावर दुप्पट ढीग असेल तर ती सुट्टी नव्हेच. २० एप्रिलनंतरच्या तारखा त्यांना निवडू द्या, आणि त्या दिवसांत फोन कुणी उचलायचा हे आधी ठरवा.

मीटिंगनंतरच्या आठवड्यात एक गोष्ट घडेल, तिची तयारी आत्ताच ठेवा. 'यादी ताई बघतात' हे सगळ्यांनी ऐकलेलं असेल, त्यामुळे प्रत्येक जण आपली अर्धवट माहिती त्यांच्याकडे ढकलायला लागेल. बंद दुकान दिसलं तर, 'ताईंना सांग.' क्लेमवर सही राहिली तर, 'ताई बघतील.' जूनपर्यंत त्या पुन्हा रात्री उशिरापर्यंत बसलेल्या दिसतील. म्हणून त्याच मीटिंगमध्ये, कौतुक संपून जेवणाला उठण्याआधी दोन नियम सांगा. बंद झालेलं किंवा नवं दुकान ज्याच्या बीटवर असेल त्याने शनिवारी पाच वाजेपर्यंत मोबाइल नंबरसह कळवायचं, उशिरा आलेलं पुढच्या आठवड्यात जाईल. आणि खराब मालाच्या यादीवर सही नसेल तर ताई ती जुळवत बसणार नाहीत, सेल्समनकडे परत पाठवतील. परत पाठवल्याबद्दल कुणी तक्रार केली, तर ती तुमच्याकडे यावी, त्यांच्याकडे नाही, हेही त्याच वेळी सांगून टाका.